दोन इंटर्नशिपमधून एक निवडताना मी काय विचारलं

शेवटच्या सेमिस्टरला माझ्याकडे दोन ऑफर होत्या. एक बेंगळुरूच्या बड्या कंपनीची, महिना ३०,००० रुपये. दुसरी पुण्यात बाणेरच्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीची, १८,०००. घरच्यांचा कौल अर्थातच पहिलीला.

पैशांचा हिशेब पटकन उरकला. बेंगळुरूत जेवणासकट पीजीचे १२,००० आणि वरखर्चाचे ६,००० गेले की उरतात १२,०००. पुण्यात घरी राहून, बसपास आणि चहापाणी वजा जाता १५,०००. शिवाय पीजीचं डिपॉझिट आधी भरायचं आणि पहिला स्टायपेंड महिना संपल्यावर, म्हणजे सुरुवातीचे पैसे बाबांच्याच खिशातून.

शिकायला काय मिळणार हे मात्र ऑफर लेटरवरून कळत नाही. दोन्हीकडे ‘सॉफ्टवेअर इंटर्न’ एवढंच लिहिलेलं. म्हणून एचआरला सांगून, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याशी फोनवर बोलायला मागितलं. ‘मेंटॉर असेल का?’ हा प्रश्न फुकट जातो, कारण उत्तर ‘हो’च येतं. मी विचारलं, माझा कोड कोण तपासणार? मागच्या इंटर्ननं काय केलं आणि ते आज वापरात आहे का?

बाणेरचे टीम लीड लगेच सांगू लागले. मागच्या मुलीनं बिलांची पीडीएफ बनवणारा भाग लिहिला होता. तिची पहिली पुल रिक्वेस्ट शेरे मारून तीनदा परत पाठवली होती, आता तो भाग ग्राहक वापरतात. बेंगळुरूहून उत्तर आलं की टीम आणि मेंटॉर रुजू झाल्यावर ठरतील. तिथे जाऊन आलेल्या दोन सीनियर्सना गाठलं. एकाला उत्तम मेंटॉर मिळाला होता. दुसऱ्याचा बराच काळ लॅपटॉप आणि कोडचा अ‍ॅक्सेस मिळण्यातच गेला, मग टेस्ट केसेसची एक्सेल शीट भरत बसला. म्हणजे सगळा नशिबाचा खेळ!

मोठ्या नावाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. रिझ्युमेच्या पहिल्या चाळणीत ते नक्की चालतं. पण मुलाखतीत ‘तू स्वतः काय केलंस?’ हा प्रश्न आला की नाव तिथेच थांबतं. मला नावापेक्षा पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच मिळणारी नोकरीची ऑफर, महत्त्वाचा वाटला. मागच्या बॅचमधल्या किती जणांना बेंगळुरूच्या कंपनीत नोकरी मिळाली, याचं सरळ उत्तर मिळालं नाही. ‘निम्म्यांना’ असं कळलं असतं तर मी सामान बांधलं असतं.

छोट्या कंपनीतला धोका वेगळा. टीम लीडनं नोकरी सोडली तर मेंटॉरच संपला. म्हणून त्यांच्यानंतर कोड कोण बघेल हेही विचारलं, आणि दुसऱ्या सीनियर डेव्हलपरशी बोलून घेतलं. कामाचं स्वरूप, मेंटॉरचं नाव आणि कॉलेजला लागणारं पूर्णतेचं प्रमाणपत्र, हे सगळं ईमेलवर आल्यावरच बेंगळुरूला नकार कळवला.