दुसरीचा वाचनाचा तास कसा पाहावा: दर तीन मिनिटांची नोंद

पहिली-दुसरीचा वर्ग एका सुरात धडा म्हणत असला, की व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, सगळी मुलं वाचताहेत. प्रत्यक्षात बरीच मुलं शेजारच्याचा आवाज ऐकून म्हणत असतात आणि पुस्तक भलत्याच पानावर उघडं असतं. वर्गनिरीक्षणाच्या तक्त्यात ‘वाचन घेतले: होय/नाही’ असा रकाना असेल तर ही मुलं कधीच दिसणार नाहीत. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक किंवा सहकारी शिक्षकाला एका कागदावर करता येईल अशी नोंद इथे दिली आहे.

आधीची तयारी. वर्गाचा बसण्याचा नकाशा काढा. हजेरीतल्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून चार मुलं निवडा. ‘हुशार कोण, कच्चं कोण’ हे शिक्षकांना आधी विचारू नका, कारण एकदा ऐकलं की नजर तेच शोधत राहते. तास सुरू होण्याआधीच बाजूला, मुलांची पुस्तकं दिसतील अशा जागी बसा. मागे बसलात तर फक्त पाठी दिसतात. मुलं नव्या माणसाकडे बघत राहतात आणि शिक्षकही जरा जपून शिकवतात, म्हणून पहिली भेट सरावाची धरा आणि हिशेबात घेऊ नका.

काय पाहायचं. घड्याळाकडे बघून दर तीन मिनिटांनी त्या क्षणी काय चाललंय, त्याची एकच खूण करा. अ म्हणजे अनुवाचन, बाई वाचतात आणि मुलं मागून म्हणतात. स म्हणजे समूहवाचन. ए म्हणजे एक मूल वाचतं, बाकीचे ऐकतात. ज म्हणजे मुलं एकेकटी किंवा जोडीने वाचतात. इ म्हणजे इतर काहीही: चर्चा, फळ्यावरचं उतरवणं, वह्या वाटणं. खूण झाली की दारापासून खिडकीपर्यंत एकदाच नजर फिरवा आणि किती मुलांची नजर मजकुरावर आहे तेवढा आकडा लिहा. एकेका मुलावर दोन सेकंद पुरतात. मागे वळून दुरुस्ती करायची नाही.

मधल्या वेळात निवडलेल्या चौघांकडे लक्ष ठेवा. त्यांच्यापैकी कुणी अडखळलं की पुढे काय झालं ते जसंच्या तसं लिहा. ‘रस्ता’ला मूल ‘रसता’ म्हणालं. बाईंनी शब्द सांगून टाकला, मुलाला पुन्हा बघायला वेळ दिला, की ‘स्त’ फोडून दाखवला? ‘बाईंनी छान समजावलं’ हा तुमचा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे.

इथे कानही फसवतो. मालेगाव-सटाणा पट्ट्यात अहिराणी बोलणारं मूल ‘डोळे’ पाहून ‘डोये’ म्हणेल. त्याने शब्द बरोबर ओळखलाय, फक्त उच्चार घरचा आहे. ही चूक धरायची नाही, असं तक्त्यावरच लिहून ठेवा. नाहीतर प्रमाणभाषेत वाढलेला निरीक्षक या मुलांना नकळत कच्चं ठरवतो.

एक उदाहरण. समजा, 24 मुलांचा वर्ग आहे आणि तीस मिनिटांत दहा नोंदी झाल्या: अ पाच, स दोन, ए दोन, इ एक, ज शून्य. अनुवाचनाच्या वेळी मजकुरावर नजर असलेली मुलं सरासरी 9, समूहवाचनात 15. म्हणजे वर्ग सर्वांत मोठ्याने गाजत होता, तेव्हाच निम्म्याहून जास्त मुलं पुस्तकात नव्हती. आणि स्वतः वाचायची संधी एकाही नोंदीत दिसली नाही. बाईंशी बोलताना हाच कागद पुढे ठेवता येतो, आणि अनुवाचनाचा थोडा वेळ जोडीवाचनाला देता येईल का, हा नेमका प्रश्न विचारता येतो.

याच तासाला दुसरा निरीक्षक असेल तर त्याने वेगळं बसून, न बोलता नोंद करावी. दहापैकी आठ खुणा जुळल्या तर जुळणी 80 टक्के. पण तेवढ्यावर थांबू नका, न जुळलेल्या दोन कुठल्या ते पाहा. बहुतेक वेळा तिथे एकाने अ आणि दुसऱ्याने स लिहिलेलं असतं. मग व्याख्या घट्ट करा: ओळ आधी बाईंच्या तोंडून आली तर अ. वर्गात जवळजवळ सगळा वेळ अनुवाचनच असेल तर टक्केवारी आपोआप फुगते, म्हणून ए आणि ज या विरळ खुणांची जुळणी वेगळी मोजा.

मजकुरावर नजर असणं म्हणजे वाचता येणं नव्हे. तास संपल्यावर त्या चार मुलांना उताऱ्याच्या मधल्या ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. पाठ झालेलं मूल पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत तिथवर येतं. वाचणारं मूल थेट शब्द शोधतं. हे नोंदीच्या मागच्या बाजूला लिहा, खुणांच्या बेरजेत मिसळू नका. आणि शिक्षकांशी बोलण्याआधी कागद पूर्ण करा. बोलणं झाल्यावर त्यात काहीही बदलू नका.