टॅग वाचत नाहीये? आधी बघा त्याला पॉवर मिळतेय का (आरएफआयडीच्या पहिल्या नोकरीतला अनुभव)

इलेक्ट्रॉनिक्स करून भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लागलो तेव्हा आरएफआयडीचं माझं ज्ञान म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं, आरसी५२२ रीडर मॉड्यूल, आर्डुइनो आणि कार्ड टेकवलं की बझर वाजतो एवढंच. पहिलं काम मिळालं ते एका मशीन शॉपमधल्या जिग-फिक्स्चरना टॅग लावायचं, म्हणजे ऑपरेटरने फिक्स्चर रीडरजवळ नेलं की स्क्रीनवर त्याचा नंबर आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते दिसलं पाहिजे. मी एनटॅग२१३ चे गोल स्टिकर मागवले, टेबलावर चेक केले, चार सेंटिमीटरवरून मस्त वाचत होते. मग तेच स्टिकर स्टीलच्या फिक्स्चरवर चिकटवले आणि एकही वाचला नाही, अगदी रीडरला टेकवला तरी नाही.

दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत बसलो. वायरिंग बघितलं, लायब्ररी बदलली, आणि नेटवर सगळीकडे सांगतात तसा रीडरचा गेन वाढवला:

```
mfrc522.PCD_SetAntennaGain(mfrc522.RxGain_max);
```

काहीच फरक नाही. का नाही हे नीट कळलं तेव्हा मला हा विषय खऱ्या अर्थाने समजायला लागला, म्हणून तेच आधी सांगतो. हा गेन म्हणजे रीडरच्या कानाची तीक्ष्णता, टॅगकडून येणारं उत्तर किती बारीक ऐकू येईल तेवढंच त्याने बदलतं. पण टॅगमध्ये बॅटरी नसते, त्याची चिप जागी होते तीच मुळात रीडरकडून मिळालेल्या पॉवरवर. चिपच जागी झाली नाही तर उत्तर कोण देणार आणि तुम्ही ऐकणार काय?

होतं असं की रीडरच्या कॉइलमधून १३.५६ मेगाहर्ट्झचा करंट फिरतो, त्याने आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, टॅगची कॉइल त्या क्षेत्रात आली की तिच्यात व्होल्टेज तयार होतं, अगदी ट्रान्सफॉर्मरसारखं, फक्त मधे लोखंडी कोर नाही, हवा आहे. टॅगची कॉइल आणि चिपमधला कपॅसिटर मिळून त्याच फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेले असतात म्हणून ते व्होल्टेज चिप चालण्याइतकं वाढतं. एनटॅग२१३ मध्ये हा कपॅसिटर ५० पिकोफॅराड आहे, म्हणजे कॉइल साधारण २.७५ मायक्रोहेन्रीची लागते, हे गणित एकदा स्वतः हाताने करून बघा. उत्तर देताना टॅग स्वतः काही ट्रान्समिट करत नाही, तो आपल्यावरचा लोड झपाझप कमी-जास्त करतो आणि रीडरला आपल्या कॉइलवर तो बारीक फरक जाणवतो.

आता माझ्या स्टीलकडे येतो. बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत शिरायला लागलं की धातूत भोवऱ्यासारखे करंट फिरायला लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र मूळ क्षेत्राच्या उलट असतं. धातूला चिकटलेल्या टॅगजवळ मग क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. वर टॅगच्या कॉइलचा इंडक्टन्स कमी होतो, त्यामुळे ट्यूनिंग १३.५६ च्या वर सरकतं, म्हणजे जी थोडीफार पॉवर पोचते तीही नीट घेता येत नाही.

हे डोळ्याने बघायची एक सोपी युक्ती आमच्या सीनियर मॅडमनी दाखवली आणि नवीन असाल तर पहिल्याच दिवशी करून बघा. एनॅमल्ड तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे घ्या, साधारण चार सेंटिमीटर व्यासाचे, दोन्ही टोकं खरवडून त्यांना एक लाल एलईडी जोडा आणि आरसी५२२ चालू असताना त्याच्या कॉइलवर धरा. बाकी कसलंही कनेक्शन नसताना एलईडी लागतो. हळूहळू वर न्या, मंद होत जातो, तिरका धरा, अजून मंद, उभा काटकोनात धरला तर विझतो. आणि वेढ्यांच्या मागे स्टीलची पट्टी धरली की एकदम विझतो. ते बघितल्यावर माझे दोन दिवस कशात गेले ते लगेच कळलं.

मग मी स्टिकर आणि फिक्स्चर यांच्या मधे पुठ्ठ्याचे तुकडे घालून मोजलं. पाच मिलिमीटर अंतर ठेवलं तर जेमतेम एक सेंटिमीटरवरून वाचला, दहा ठेवलं तर दोनवरून. पण फिक्स्चरवर दहा मिलिमीटरचा उंचवटा कोण ठेवू देणार, पहिल्याच दिवशी तुटणार तो. शेवटी ऑन-मेटल टॅग घेतले, त्यांच्या पाठीला फेराइटचा पातळ थर असतो, तो क्षेत्राला धातूत शिरू न देता स्वतःतून वाट करून देतो. त्यांची ट्यूनिंगही धातू जवळ आहे असं धरूनच केलेली असते. स्टीलवर अडीच सेंटिमीटर मिळाले आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न म्हणजे रेंज दुप्पट करायची तर पॉवर दुप्पट केली की झालं का. नाही. कॉइलपासून तिच्या आकाराच्या मानाने लांब गेलात की क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, म्हणजे दुप्पट अंतरावर तेवढंच क्षेत्र हवं तर करंट आठपट पाहिजे आणि पॉवर चौसष्टपट. म्हणून एनएफसी, म्हणजे हे १३.५६ मेगाहर्ट्झवरचं जवळून वाचणं, चार-पाच सेंटिमीटरचंच राहतं, दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. पॉवरपेक्षा कॉइलचा आकार वाढवणं जास्त कामाचं, ठरलेल्या अंतरासाठी कॉइलची त्रिज्या अंतराच्या साधारण १.४ पट असली की सगळ्यात चांगलं. लायब्ररीच्या पुस्तकांमधले टॅगही १३.५६ चेच असतात, पण स्टँडर्ड वेगळं आणि दाराशी अँटेना मोठ्या, म्हणून ते बरंच लांबून वाचले जातात.

आमच्या ग्राहकाने विचारलंच, की गाडीच्या काचेवरचा फास्टॅग काही मीटरवरून वाचतो, मग तोच इथे का नाही लावत? फास्टॅग यूएचएफ, म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा आहे, आपल्याकडे त्याला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा. बॅटरी त्यातही नसते, पण तिथे चुंबकीय जोडणी नाही, खरी रेडिओ लहर असते आणि टॅग तिचाच थोडा भाग परत उसळवतो, चिपला काही मायक्रोवॅट मिळाले तरी चालतं. पाच-दहा मीटर आरामात. गोदामात एका दमात शंभर खोके मोजायचे तर हेच घ्या, फक्त पाणी आणि द्रवाच्या बाटल्या असतील तर जपून, पाणी ही लहर शोषून घेतं. पण आमच्या शॉपमध्ये ट्रायल घेतली तर ऑपरेटरच्या हातातल्या एका फिक्स्चरसोबत मागच्या रॅकमधली अकरा पण वाचली गेली. इथे कमी रेंज हीच गरज होती, हातात जे आहे तेवढंच वाचलं पाहिजे.

अजून एक गोष्ट जी मला उशिरा कळली. पाकिटात मेट्रोचं कार्ड आणि ऑफिसचं कार्ड एकत्र ठेवून टेकवलं आणि वाचलं नाही, तर दर वेळी दोन उत्तरांची टक्कर झाली असंच नसतं, टक्कर सोडवायची पद्धत स्टँडर्डमध्येच आहे. दोन्ही कॉइल एकमेकींवर पडल्या की एकमेकींचं ट्यूनिंग बिघडवतात आणि तीच पॉवर दोघींत वाटली जाते. ओळखायचं कसं? एक कार्ड दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवा, तरी दोन्ही क्षेत्रातच ठेवा. आता दोन्ही वाचली गेली तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, गडबड पॉवरचीच होती.