डोंबिवली ते बीकेसी: नकाशा अ‍ॅपमध्ये लोकल आणि बसचा प्रवास कसा आखावा

सोमवारी सकाळी १० वाजता वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत आहे आणि निघायचे आहे डोंबिवलीहून, असे धरू. लोकलने कुर्ल्याला उतरायचे आणि स्थानकाच्या पश्चिमेकडून बेस्टची बस धरायची, हा या प्रवासाचा सरळ मार्ग. तो गुगल मॅप्समध्ये कसा आखावा आणि दिसणारे आकडे कसे वाचावेत, ते पाहू.

प्रथम शोधपट्टीत इमारतीचे पूर्ण नाव टाकावे; नुसते ‘बीकेसी’ लिहिल्यास खूण संकुलाच्या मध्यावर कुठेतरी पडते आणि शेवटचे चालणे चुकीचे मोजले जाते. मग ‘Directions’ दाबून आगगाडीचे चिन्ह निवडावे. अ‍ॅप तुम्ही आत्ताच निघत आहात असे गृहीत धरते, म्हणून ‘Leave now’ वर टिचकी मारून ‘Arrive by’ निवडावे आणि सोमवारची तारीख घालून वेळ ९:३५ द्यावी, १० नव्हे. प्रवेशद्वारावरची नोंद, लिफ्टची रांग यांचा हिशेब अ‍ॅप करत नाही. तारीख विसरू नये, कारण रविवारी दुपारी पाहिलेल्या गाड्या सोमवारी सकाळच्या नसतात.

आता पर्यायांची यादी येते. सर्वांत कमी मिनिटांचा पर्याय वर असला, तरी तोच सोयीचा असेल असे नाही. एखादा पर्याय उघडल्यावर लोकलच्या टप्प्याखाली मधल्या थांब्यांची संख्या दिसते, आणि गाडी जलद की धीमी हे त्यावरून लगेच कळते. डोंबिवलीहून धीम्या लोकलने कुर्ला हा तेरावा थांबा आहे, तर ठाणे आणि घाटकोपर करून येणाऱ्या जलद गाडीने तो तिसराच. संख्येवर टिचकी मारून यादीत कुर्ला आहे ना, हेही पाहावे. गर्दीच्या वेळी काही जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि फलकावर ‘जलद’ एवढेच वाचून चढणारा माणूस थेट दादरला पोहोचतो.

खरी गोम आहे ती बदलाच्या ठिकाणी. समजा, अ‍ॅपने गाडी ८:५८ ला कुर्ल्याला पोहोचेल, मग सहा मिनिटे चालणे आणि ९:०४ ची बस, असे दाखवले. कागदावर हे जुळते, पण हाताशी एकही मिनिट उरत नाही. ठिपक्यांच्या रेषेने दाखवलेले चालणे मोकळ्या रस्त्याच्या हिशेबाचे असते. सकाळी पुलाच्या जिन्यावर जी गर्दी साचते ती त्यात धरलेली नसते. तुम्ही उभे आहात तो डबा जिन्यासमोर येईल की फलाटाच्या टोकाला राहील, हेही अ‍ॅपला ठाऊक नाही. म्हणून सहाची बारा मिनिटे धरावीत आणि बसच्या टप्प्यावर टिचकी मारून त्यानंतरची बस कधी आहे ते पाहावे. पुढची बस दहा मिनिटांत असेल तर पहिली चुकली तरी बिघडत नाही. अर्ध्या तासाने असेल, तर एक लोकल आधीची धरणे शहाणपणाचे.

ठिपक्यांची रेषा बोटांनी मोठी करून पाहावी. ती पश्चिमेला उतरते की पूर्वेला, आणि बसथांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, या दोनच गोष्टी शोधायच्या असतात. एकाच नावाचे थांबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि उलट दिशेची बसही त्याच क्रमांकाची असते, म्हणून क्रमांकासोबत बसच्या पाटीवरचे शेवटचे ठिकाण लक्षात ठेवावे. चालणे नकोसे असेल तर ‘Options’ मध्ये ‘Less walking’ निवडता येते, मात्र त्यासाठी अ‍ॅप बहुधा आणखी एक बस गळ्यात मारते.

वेळांचेही दोन प्रकार आहेत. काही ठिकाणी वेळेच्या रंगावरून किंवा शेजारच्या मजकुरावरून गाडी वेळेवर आहे की उशिरा, हे कळते. ती प्रत्यक्ष माहिती. नुसती वेळ असेल तर ती वेळापत्रकातली समजावी, आणि वेळेऐवजी ‘दर इतक्या मिनिटांनी’ असे असेल, तर तो केवळ अंदाज. बस प्रत्यक्ष कुठे आहे हे पाहण्यासाठी बेस्टचे प्रवासी चलो अ‍ॅप वापरतात, तर लोकलसाठी एम-इंडिकेटर; निघण्यापूर्वी तेथे एकदा पडताळून पाहावे. मुलाखत रविवारी असती तर मेगाब्लॉकची सूचना आधी वाचावी लागली असती, कारण त्या दिवशी जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात आणि नकाशा मात्र नेहमीचेच वेळापत्रक दाखवत राहू शकतो.

परतीचा मार्ग वेगळा शोधावा. सकाळचाच मार्ग उलटा करून चालत नाही, कारण संध्याकाळी बसथांबा, लोकलची वेळ आणि तिचे थांबे सगळेच बदललेले असते. रात्री उशीर होणार असेल, तर वेळेच्या त्याच पर्यायांत ‘Last’ निवडावे, म्हणजे शेवटची जुळणी दिसते. पण तिच्या भरवशावर न राहता तिच्या आधीची लोकल गाठावी.