खाली बसलेली वार आणि वेळेआधी सुटलेली वार: रक्तस्राव ओळखताना या चुका टाळा

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अंगावरून रक्त जाऊ लागले की प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या आणि नव्या डॉक्टरच्या मनात पहिला विचार येतो तो कळा सुरू झाल्याचा, आणि हात आपोआप हातमोज्यांकडे जातो. गर्भाशयमुख किती उघडले आहे हे बोटांनी पाहणे ही प्रसूतिगृहातील रोजची सवय आहे, पण या एका प्रसंगात तीच सवय बाईच्या जिवावर बेतू शकते. अशा रक्तस्रावाची दोन मोठी कारणे आहेत. पहिल्यात वार गर्भाशयाच्या खालच्या भागात, गर्भाशयमुखावर किंवा त्याच्या अगदी जवळ बसलेली असते. याला प्लॅसेंटा प्रिव्हिया म्हणतात. दुसऱ्यात वार योग्य जागी, म्हणजे वरच असते, पण बाळ जन्मण्याआधीच गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू लागते, हे अ‍ॅब्रप्शन. दोन्हींत रक्त जाते, पण ते जाण्याची रीत निराळी असते आणि म्हणून चुकाही निराळ्या होतात.

वार कोठे आहे हे कळण्याआधी बोट घालणे

साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन पातळ होऊ लागतो. त्याच भागावर वार चिकटलेली असेल, तर भिंत ताणली जाते पण वार तशी ताणली जात नाही, आणि दोघींमधला थोडासा भाग सुटतो. तेथील उघड्या रक्तवाहिन्यांतून आलेले आईचे रक्त गर्भाशयमुखाच्या तोंडाशीच असल्यामुळे लगेच बाहेर पडते. ते कोठे साठून राहत नाही, म्हणून लालभडक असते. ते स्नायूंत दाबले जात नाही, म्हणून पोटात दुखत नाही. बाई झोपेतून उठते तेव्हा कपडे भिजलेले असतात आणि तिला कसलीच कळ जाणवलेली नसते, असे पुष्कळदा घडते. हा पहिला रक्तस्राव बहुधा थोडा असतो आणि आपोआप थांबतो.

अशा वेळी आत घातलेले बोट थेट वारेवर जाते. गर्भाशयमुख थोडे उघडलेले असेल तर बोट त्यातून सहज पुढे सरकते आणि अजून चिकटून असलेला वारेचा भागही सोडवते. त्यानंतर जे रक्त सुटते ते आवरणे कठीण का जाते, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रसूतीनंतर गर्भाशयाच्या वरच्या भागातील रक्तवाहिन्या बंद होतात त्या तेथील आडव्या-उभ्या स्नायुतंतूंनी आवळल्यामुळे. खालच्या भागात असे दमदार स्नायू फारसे नसतात. शिवाय बाळ आतच असल्यामुळे गर्भाशयाला आक्रसून घेण्याचीही सोय नसते. दिवस भरत आलेले असताना गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे 600 ते 700 मिलिलिटर रक्त वाहत असते. म्हणजे एका तपासणीने मोठी वाहिनी उघडली, तर शस्त्रक्रियागृह तयार करण्याइतकाही वेळ हाती राहत नाही. जेथे शस्त्रक्रियागृह नाहीच, त्या केंद्रात काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून नियम असा की, सातव्या महिन्यानंतर रक्तस्राव झालेल्या प्रत्येक बाईची वार खाली नाही हे सोनोग्राफीने दिसेपर्यंत बोटांनी आतील तपासणी करू नये. दुखत असले तरीही नाही. कारण वार खाली असलेल्या बाईला कळा सुरू झालेल्या असू शकतात, आणि क्वचित एकाच बाईत वार खालीही असते आणि सुटूही लागलेली असते. याच कारणाने एनिमाही देऊ नये. योनीमार्गे केली जाणारी सोनोग्राफी मात्र प्रशिक्षित हातांत सुरक्षित असते, कारण तिचा प्रोब गर्भाशयमुखाच्या आत शिरत नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो. वारेची कड आणि गर्भाशयमुख यांमधील अंतर मोजण्यासाठी ती पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. बोट आणि प्रोब यांना एकाच मापाने मोजून ही तपासणी नाकारणे हीदेखील चूकच आहे.

दिसणाऱ्या रक्तावरून धोका ठरवणे

वार खाली असताना जेवढे रक्त गेले तेवढे बहुतेक डोळ्यांना दिसते, त्यामुळे बाईची अवस्था आणि दिसणारे रक्त यांचा मेळ बसतो. अ‍ॅब्रप्शनमध्ये हा मेळ बसत नाही. येथे रक्त वारेच्या मागे साठते आणि दाबाखाली राहते. काही रक्त पडद्यांमागून वाट काढून खाली येते, काही वेळा काहीच येत नाही. जे येते ते आत थांबून आल्यामुळे बहुधा काळपट असते. साठलेले रक्त स्नायूंत शिरते, त्यांना चेतवते, आणि गर्भाशय सैल न पडता सतत घट्ट राहते. पोटाला हात लावला तरी दुखते, बाळाचे अवयव हाताला लागत नाहीत, आणि वार सुटल्यामुळे बाळाचा प्राणवायू तुटून ठोके मंदावतात किंवा थांबतात. वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर असेल तर पोट तितके घट्ट लागत नाही आणि बाई फक्त कंबर दुखते असे सांगते. ही तक्रार हलकी समजली जाते.

समजा, पस्तिसाव्या आठवड्यातील एक बाई पोटात दुखते म्हणून केंद्रात आली. पॅडवर दोन-तीन चमचे काळपट रक्त आहे. रक्तदाब 120/80, नाडी मिनिटाला 124. कागदावर रक्तदाब उत्तम आहे, पॅडवर रक्त थोडे आहे, म्हणून तिला बाकावर बसवून ठेवले जाते. तिच्या कार्डावर मात्र मागच्या आठवड्याची नोंद 160/110 अशी आहे. उच्च रक्तदाब हे अ‍ॅब्रप्शनचे नेहमीचे कारण आहे, आणि अशा बाईचा आजचा 120/80 हा आकडा खरे तर बरेच रक्त आतल्या आत गेल्याची खूण असू शकतो. नाडी तेच सांगते आहे. पोट घट्ट आहे आणि बाळाचे ठोके 90 आहेत हे कळले की निदानासाठी आणखी कशाची वाट पाहायची नसते. दुचाकीवरून पडणे किंवा पोटावर मार लागणे हेही कारण असते. घरातील माणसे समोर असताना बाई मार लागल्याचे सांगत नाही, म्हणून हा प्रश्न तिला एकटीला गाठून विचारावा.

अ‍ॅब्रप्शनमध्ये आणखी एक गोष्ट बिघडते. सुटलेल्या वारेतून रक्त गोठवणारे द्रव्य आईच्या रक्तात शिरते, गोठण्याचे घटक खर्ची पडतात, आणि मग सुई टोचलेल्या जागेवरूनही रक्त थांबत नाही. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी एक साधी चाचणी करता येते. शिरेतून काढलेले 2 मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घेऊन नळी मुठीत उबदार धरावी. चार मिनिटांनी हळूच तिरकी करून पाहावी आणि पुढे दर मिनिटाला पाहत राहावे. सात मिनिटांनंतरही गुठळी झाली नाही, किंवा झालेली गुठळी सहज फुटली, तर गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे धरावे. प्लॅस्टिकची नळी वापरल्यास ही चाचणी फसवते.

अशा बाईची वार वर आहे हे सोनोग्राफीने नक्की झाले, की बोटांनी तपासणी करता येते, किंबहुना करावीच लागते. गर्भाशयमुख किती उघडले आहे यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. बाळ जिवंत पण त्रासात असेल आणि प्रसूती लगेच होणारी नसेल तर सिझेरियन. बाळ दगावले असेल आणि आईची प्रकृती आवरलेली असेल तर पाणमोट फोडून नैसर्गिक प्रसूतीकडे नेणे बहुधा अधिक हिताचे ठरते, कारण रक्त गोठत नसताना पोटावर घेतलेला छेद हा नवा धोका असतो.

सोनोग्राफीच्या कागदावर चुकीचा भरवसा

येथे चूक दोन्ही बाजूंनी होते. पाचव्या महिन्याच्या अहवालात वार खाली आहे असे लिहिलेले वाचून घर हादरते, पण खालचा भाग वाढत जातो तशी बहुतेक बायकांची वार गर्भाशयमुखापासून दूर जाते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे असते, आणि तेव्हाही ती खालीच असेल तर छत्तिसाव्याच्या सुमारास आणखी एकदा. कड गर्भाशयमुखापासून 20 मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर वार खाली आहे असे म्हणतात; मुख झाकलेले असेल तर प्रिव्हिया. आधीचे सिझेरियन असेल आणि वार त्या व्रणावर असेल, तर ती स्नायूंत रुतली आहे का हे आवर्जून शोधून घ्यावे लागते.

अ‍ॅब्रप्शनबाबत उलट घडते. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून बाईला घरी पाठवले जाते. ताजे साठलेले रक्त वारेसारखेच दिसते, त्यामुळे ही तपासणी पुष्कळ अ‍ॅब्रप्शन चुकवते. घट्ट, दुखरे पोट आणि बिघडलेले ठोके यांच्यापुढे स्वच्छ अहवालाला किंमत देऊ नये.

थांबलेला रक्तस्राव म्हणजे टळलेला धोका समजणे

बत्तिसाव्या आठवड्यातील दुसरी बाई घ्या. पहिले सिझेरियन, पहाटे न दुखता भळकन रक्त गेले, केंद्रात पोहोचेपर्यंत थांबले. नाडी 96, रक्तदाब 110/70, पोट मऊ, बाळ आडवे, ठोके 144. सासूबाई म्हणतात, आता थांबलंय तर सकाळी नेऊ. या क्षणी तिला पाठवणे सर्वांत सोपे आणि सुरक्षित आहे, आणि तोच क्षण वाया घालवला जातो. पुढचा रक्तस्राव केव्हा आणि किती होईल हे कोणी सांगू शकत नाही. तिला कुशीवर झोपवून दोन जाड कॅन्युला लावाव्यात, त्यातूनच रक्तगटासाठी नमुना घ्यावा, सलाईन सुरू करावे आणि 108 बोलवावी. रक्त, भूल देणारे डॉक्टर आणि नवजात बाळाचा कक्ष जेथे रात्रीही मिळतो तेथेच फोन करून पाठवावे. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरवण्यात जाणारा तास तिला परवडणारा नाही. पत्रावर किती वाजता, किती रक्त गेले हे लिहावे, आणि बोटांनी आतील तपासणी केलेली नाही हे स्पष्ट लिहावे, म्हणजे घाईत पुढचा माणूस ती करायला धजणार नाही. सोबत रक्त देऊ शकतील असे दोन नातेवाईक असावेत.

प्रसूती झाल्यावरही दोघींवर लक्ष कमी करता येत नाही. पहिलीच्या गर्भाशयात रक्त गोठत नाही म्हणून, आणि दुसरीच्या खालच्या भागाचे स्नायू वाहिन्या आवळत नाहीत म्हणून, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोघींतही अधिक होतो. कोणाचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, आणि धावपळीत नेमके तेच राहून जाते.