आयगेन व्हेक्टर काढताना तिन्ही शून्य आले तर काय करावे

माझ्याकडे नंदनवनला बॅकलॉगची मुलं गणित शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना जुन्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणायला सांगतो. मॅट्रिक्सच्या प्रश्नात बहुतेकांचं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन बरोबर असतं, आयगेन व्हॅल्यूही बरोबर असतात. मार्क गेलेले असतात त्याच्या पुढच्या पानावर, एकच मूळ दोनदा आलेलं असतं तिथे. म्हणून सोपा भाग मी भराभर उरकतो आणि त्या पानावर थांबतो.

हे मॅट्रिक्स घ्या.

```
      |  3   1  -1 |
A  =  |  2   4  -2 |
      |  1   1   1 |
```

|A − λI| = 0 हा डिटरमिनंट पूर्ण उलगडत बसू नका, त्यात चिन्हं चुकतात. λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = 0 असं थेट लिहा. S₁ म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, 3 + 4 + 1 = 8. S₂ म्हणजे कर्णावरच्या तिन्ही घटकांच्या मायनरची बेरीज, 6 + 4 + 10 = 20. डिटरमिनंट 16.

```
λ³ - 8λ² + 20λ - 16 = 0
(λ - 2)² (λ - 4) = 0
λ = 2, 2, 4
```

कॅल्क्युलेटरवर सोडवत असाल तर एक सांभाळा. मूळ दोनदा येत असलं की कॅल्क्युलेटर ते बहुधा एकदाच दाखवतो, 4 आणि 2, बस. दोनदा कोणतं ते S₁ वरून ठरवा. 2 + 2 + 4 = 8 जुळतं, 2 + 4 + 4 = 10 जुळत नाही.

आता λ = 4. हे मूळ एकदाच आलंय, म्हणून सोपं आहे. A मधल्या कर्णातून 4 वजा करा.

```
-x +  y -  z = 0
2x + 0y - 2z = 0
 x +  y - 3z = 0
```

पहिल्या दोन रो घेऊन क्रेमरचा नियम लावला की x/(−2) = −y/4 = z/(−2). मधल्या y चं ऋण चिन्ह विसरू नका. उत्तर (1, 2, 1). ते लगेच तिसऱ्या रोमध्ये घाला, कारण ती रो आपण वापरलेलीच नाही: 1 + 2 − 3 = 0. इथे शून्य आलं नाही तर एक तर चिन्ह चुकलंय किंवा λ चुकलाय, पुढे जाऊ नका.

आता λ = 2. कर्णातून 2 वजा केल्यावर हे उरतं.

```
 x +  y -  z = 0
2x + 2y - 2z = 0
 x +  y -  z = 0
```

क्रेमर लावा. x खाली 0, y खाली 0, z खाली 0. रो बदलून पाहा, तरी तेच. इथेच मुलगा मान वर करून विचारतो, "सर, तिन्ही झिरोच येऊन राहिले, आता काय लिहू?"

मी दुसऱ्या सेमिस्टरला होतो तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये हाच प्रश्न मला पडला होता, आणि विचारायला कोणी नव्हतं. मी X = (0, 0, 0) लिहून आलो. त्या पानावर लाल रेघ आली. आयगेन व्हेक्टर शून्य कधीच नसतो, ती व्याख्येतलीच अट आहे. शून्य व्हेक्टर कोणत्याही λ ला चालतो, म्हणून त्याने काहीच सांगितलं जात नाही. चुकलं ते कळलं, पण का चुकलं ते समजायला मला आणखी एक वर्ष लागलं, कारण ज्याला विचारलं त्याने युक्ती सांगितली, कारण सांगितलं नाही.

कारण असं आहे. क्रेमरचा नियम दोन रो घेतो आणि दोन्हींना लंब असणारी दिशा शोधून देतो. दोन रो वेगळ्या दिशांच्या असतील तर अशी लंब रेषा एकच असते, ती मिळते. पण वरच्या तिन्ही रो एकाच रोचे पट आहेत. तिला लंब अशी एक रेषा नाही, अख्खं प्रतल आहे. नियमाला त्या प्रतलातली एक दिशा निवडता येत नाही, म्हणून तो 0, 0, 0 देतो. ते आयगेन व्हेक्टरचं उत्तर नव्हेच. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही घेतलेल्या दोन रो प्रत्यक्षात एक आहेत.

म्हणून अशा वेळी क्रेमर सोडा आणि उरलेलं एकच समीकरण हातात घ्या: x + y − z = 0. चल तीन, समीकरण एक, म्हणजे दोन चल आपल्या मर्जीचे. y = 0, z = 1 घेतलं तर x = 1, व्हेक्टर (1, 0, 1). y = 1, z = 0 घेतलं तर x = −1, व्हेक्टर (−1, 1, 0). झाले दोन व्हेक्टर. 0 आणि 1 अशी अदलाबदल करून घ्या, म्हणजे दुसरा पहिल्याचा पट होण्याची भीतीच राहत नाही. मित्राचं उत्तर (1, 1, 2) आलं असेल तर तेही बरोबर आहे, कारण 1 + 1 − 2 = 0.

आता एका सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण दर वर्षी कोणी ना कोणी तो घेऊन येतोच: "मूळ दोनदा आलं की तिसरा व्हेक्टर पहिल्या दोघांना लंब घे." हे फक्त सिमेट्रिक मॅट्रिक्सला चालतं. आपलं A सिमेट्रिक नाही, पहिल्या रोत दुसरा घटक 1 आहे आणि दुसऱ्या रोत पहिला 2. तरी करून पाहू. (1, 2, 1) आणि (1, 0, 1) या दोघांना लंब व्हेक्टर (1, 0, −1). त्याला A ने गुणलं की (4, 4, 0) येतं. हा (1, 0, −1) चा कोणताच पट नाही, म्हणजे तो आयगेन व्हेक्टरच नाही. पानभर नीटनेटकं काम दिसतं आणि उत्तर चूक असतं. व्हेक्टर लिहिण्याआधी कर्ण ओलांडून समोरासमोरचे घटक सारखे आहेत का ते पाहा, मगच लंबाचं नाव काढा.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त फसवी आहे. आता A मधली फक्त शेवटची रो बदलतो.

```
      |  3   1  -1 |
B  =  |  2   4  -2 |
      |  3   0   1 |
```

S₁ पुन्हा 8, S₂ पुन्हा 20, डिटरमिनंट पुन्हा 16. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन अक्षरशः तेच, आयगेन व्हॅल्यू त्याच 2, 2, 4. λ = 4 चा व्हेक्टरसुद्धा तोच (1, 2, 1). पण λ = 2 ला हे येतं.

```
 x +  y -  z = 0
2x + 2y - 2z = 0
3x + 0y -  z = 0
```

सवयीने पहिल्या दोन रो घेतल्या तर क्रेमर 0, 0, 0 देणार. आताच शिकलेला मुलगा लगेच म्हणेल, एकच समीकरण उरलं, दोन व्हेक्टर काढा. मग तो (1, 0, 1) लिहील आणि मार्क घालवेल, कारण तिसऱ्या रोत 3 − 1 = 2 येतं. इथे पहिली आणि दुसरी रो एक आहेत, पण तिसरी वेगळी आहे. म्हणून पहिली आणि तिसरी घ्या: x/(−1) = −y/2 = z/(−3), म्हणजे (1, 2, 3). तिन्ही रोत घालून पाहा, बसतो. आणि λ = 2 साठी हा एकच आहे, दुसरा शोधत वेळ घालवू नका, तो नाहीच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी क्रेमरच्या आधी रँक मोजायला लावतो. A − λI लिहिल्यावर एक मिनिट थांबा आणि किती रो खरोखर स्वतंत्र आहेत, म्हणजे इतर रोंचे पट किंवा त्यांची बेरीज-वजाबाकी नाहीत, ते पाहा. 3 मधून ती संख्या वजा केली की तितके स्वतंत्र आयगेन व्हेक्टर मिळतात. A ला λ = 2 साठी रँक 1, म्हणून दोन. B ला रँक 2, म्हणून एक. मूळ दोनदा आलं म्हणून व्हेक्टर दोन यायलाच हवेत असं नाही. दोनपेक्षा जास्त येणार नाहीत, एवढंच मूळ सांगतं. आणि रँक 3 आली तर तो λ आयगेन व्हॅल्यूच नाही, मागे जाऊन समीकरण तपासा.

प्रश्नात पुढे "डायगोनलाइझ करा" असेल तर याच ठिकाणी निकाल लागतो. A चे एकूण तीन स्वतंत्र व्हेक्टर आहेत, होतं. B चे दोनच आहेत, होत नाही. पेपरात B सारखं मॅट्रिक्स आलं तर तसं स्पष्ट लिहा: स्वतंत्र आयगेन व्हेक्टर दोनच, म्हणून डायगोनलाइझ करता येत नाही. हे पूर्ण उत्तर आहे. तिसरा व्हेक्टर कुठून तरी आणून बसवला तर P चा व्यस्त घेताना किंवा पडताळा करताना तो उघडा पडतो.

राहिलं सिमेट्रिक मॅट्रिक्स. क्वाड्रॅटिक फॉर्मच्या प्रश्नात तेच येतं, आणि तिथे लंब व्हेक्टर हवेच असतात.

```
      |  3   1  -1 |
C  =  |  1   3  -1 |
      | -1  -1   3 |
```

याच्या आयगेन व्हॅल्यू 5, 2, 2. λ = 5 चा व्हेक्टर (1, 1, −1). λ = 2 ला पुन्हा तेच एक समीकरण, x + y − z = 0. पण आता A सारखे (1, 0, 1) आणि (−1, 1, 0) लिहून चालणार नाही, त्यांचा डॉट प्रॉडक्ट −1 येतो, ते एकमेकांना लंब नाहीत. पहिला (1, 0, 1) ठेवा. दुसऱ्याला दोन अटी घाला: तो समीकरणात बसला पाहिजे, x + y − z = 0, आणि पहिल्याला लंब पाहिजे, x + z = 0. आता दोन वेगळ्या रो मिळाल्या, म्हणजे क्रेमर पुन्हा कामाला येतो, आणि उत्तर (1, −2, −1). C ने गुणून पाहा, (2, −4, −2) येतं, बरोबर दुप्पट.

नंतर प्रत्येक व्हेक्टरला त्याच्या लांबीने भागा: (1, 1, −1) ला √3 ने, (1, 0, 1) ला √2 ने, (1, −2, −1) ला √6 ने. ते याच क्रमाने P च्या कॉलममध्ये लिहा, म्हणजे D च्या कर्णावर 5, 2, 2 हाच क्रम येईल.