रास्पबेरी पाय स्क्रीन आणि कीबोर्डशिवाय, पहिल्याच सुरुवातीला वाय-फायवर कसा आणावा

देवगडजवळच्या आमच्या घरी, मांगरात आंब्याची अढी लावलेली असते तेव्हा आतले तापमान आणि दमटपणा घरात बसून पाहता यावा, म्हणून मी तिथे रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक बसवला. पेंढा आणि आंबे यांच्यामध्ये स्क्रीन किंवा कीबोर्ड ठेवायला जागा नसते, आणि या बोर्डावर नेटवर्कच्या तारेसाठी खाचही नाही. त्यामुळे वीज दिल्याबरोबर त्याने स्वतःहून घरच्या वाय-फायला जोडून घेणे, हा एकच मार्ग उरतो. स्क्रीन असती तर सुरुवातीलाच त्याने वापरकर्ता कोण, वाय-फाय कोणते आणि देश कोणता हे विचारले असते. ती असणार नाही, म्हणून ही उत्तरे कार्डावर आधीच लिहून ठेवावी लागतात.

साहित्य थोडेच लागते: १६ किंवा ३२ जीबीचे चांगले मायक्रोएसडी कार्ड, कार्ड रीडर, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा चार्जर, आणि कार्ड लिहिण्यासाठी कोणताही लॅपटॉप. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्याची ताजी आवृत्तीच घ्यावी, कारण कार्डावर पूर्वमांडणी लिहिण्याची पद्धत ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीबरोबर बदलत आली आहे. इमेजरमध्ये आपला बोर्ड निवडावा आणि सिस्टिम म्हणून रास्पबेरी पाय ओएस लाइट ही आवृत्ती घ्यावी. तिच्यात डेस्कटॉप नसतो, आणि झीरो २ डब्ल्यूची मेमरी ५१२ एमबीच असल्याने तेच बरे.

कार्ड लिहायला सुरुवात करण्यापूर्वी इमेजर पूर्वमांडणी करायची का, असे विचारतो. खरे काम इथेच आहे, म्हणून घाई करू नये. यंत्राचे नाव द्यावे. मी `mangar` दिले. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड स्वतः ठरवावा. पूर्वी `pi` नावाचा वापरकर्ता तयारच मिळत असे, पण एप्रिल २०२२ पासून तो मिळत नाही. म्हणून हा रकाना रिकामा राहिला तर यंत्र नेटवर्कवर येऊनही आत शिरता येत नाही. पुढे वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि देश म्हणून `IN` भरावे. देशाचा रकाना फुकाचा वाटतो, पण कोणत्या लहरी वापरायच्या हे त्यावरून ठरते, आणि तो नसेल तर वाय-फाय बंदच राहू शकते. शेवटी एसएसएच सुरू करण्याची खूण करावी, कारण दुसऱ्या संगणकावरून आत शिरण्याची वाट तीच आहे.

जुन्या लेखांत `wpa_supplicant.conf` नावाची फाइल कार्डावर ठेवायला सांगितलेले आढळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून वाय-फायचा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे गेला आणि ती युक्ती चालेनाशी झाली, तेव्हा तिच्या नादी लागू नये.

कार्ड तयार झाले की ते बोर्डात घालावे, चार्जरची पिन `PWR IN` लिहिलेल्या खाचेत लावावी, आणि पहिल्या खेपेला बोर्ड राउटरच्याच खोलीत ठेवावा. ही पायरी टाळू नये. तिचा उपयोग पुढे कळेल. हिरवा दिवा अनियमितपणे लुकलुकू लागला की कार्ड वाचले जात आहे असे समजावे. तो मुळीच लुकलुकत नसेल तर कार्ड नीट लिहिले गेलेले नाही किंवा नीट बसलेले नाही. पहिल्या सुरुवातीत सिस्टिम कार्डाची पूर्ण जागा ताब्यात घेते आणि स्वतःच पुन्हा सुरू होते, म्हणून पाच मिनिटे तरी वीज काढू नये. मग त्याच वाय-फायवरील लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये हे लिहावे:

```
ssh amba@mangar.local
```

`@` च्या आधी वापरकर्त्याचे नाव आणि नंतर यंत्राचे. प्रथमच जोडताना ओळख पटवण्याचा प्रश्न येतो, त्याला `yes` असे पूर्ण लिहून उत्तर द्यावे. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते योग्यच आहे. नाव सापडत नाही असा संदेश आला, तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी. तिथे `mangar` दिसत असेल, तर त्याच्यासमोरचा `192.168` ने सुरू होणारा पत्ता नावाऐवजी वापरावा.

माझ्या पहिल्या प्रयत्नात त्या यादीत `mangar` नव्हतेच. दिवा व्यवस्थित लुकलुकत होता, म्हणजे यंत्र सुरू झाले होते. बोर्ड राउटरपासून दोन हातांवर होता, म्हणजे भिंतीचा दोष नव्हता. तेव्हा चूक कार्डावरच्या वाय-फायच्या माहितीत असणार, एवढे नक्की झाले. बोर्ड थेट मांगरात नेला असता तर चिऱ्याच्या भिंतींना दोष देत मी दिवसभर राउटर हलवत बसलो असतो. इमेजर पुन्हा उघडून भरलेला मजकूर पाहिला, तर वाय-फायच्या नावापुढे `_5G` असे होते. आमचा राउटर दोन नावांनी वाय-फाय देतो, लॅपटॉप त्यातल्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडलेला होता, आणि इमेजरने तेच नाव रकान्यात आपणहून भरले होते. झीरो २ डब्ल्यूला मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झचेच वाय-फाय दिसते. दुसरे नाव त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. म्हणून आपोआप भरलेल्या नावावर विसंबू नये, आणि लहान-मोठी अक्षरे व मधली मोकळी जागा राउटरवर आहे तशीच लिहावी.

अशी चूक सापडली की कार्डावरची एखादी फाइल दुरुस्त करण्याचा खटाटोप न करता, कार्ड नव्याने लिहावे. ही पूर्वमांडणी पहिल्या सुरुवातीसाठीच असते आणि एकदा वाचली गेली की पुन्हा आपोआप लागू होईल असे धरता येत नाही. आत शिरून झाल्यावर पुढे कधी कार्ड नव्याने लिहिले, तर यंत्राची ओळख बदलल्याचा मोठा इशारा देऊन लॅपटॉप जोडणी नाकारतो. त्या वेळी लॅपटॉपवरची जुनी ओळख अशी पुसावी:

```
ssh-keygen -R mangar.local
```

आत शिरल्यावर बोर्ड लगेच कायमच्या जागी ठोकू नये. आधी बंद करावा, तिकडे नेऊन पुन्हा सुरू करावा आणि सिग्नल पाहावा:

```
nmcli -f SSID,SIGNAL,CHAN device wifi list
```

`SIGNAL` खालचा आकडा १०० पैकी असतो. आमच्याकडे अढीशेजारच्या कोपऱ्यात तो ३० च्या आसपास येत होता आणि जोडणी मधूनमधून तुटत होती. फूटभर जाडीच्या चिऱ्यातून आणि पावसात ओल धरलेल्या भिंतीतून लहरी क्षीण होऊनच येतात. बोर्ड घराकडच्या खिडकीच्या चौकटीवर आणताच आकडा ५५ वर गेला, आणि अढीपर्यंत सेन्सरची तारच थोडी लांब घेतली. मांगरापर्यंत वीज लांब तारेने आणली असेल, तर `vcgencmd get_throttled` हा आदेशही द्यावा. उत्तर `throttled=0x0` आले तर वीज पुरेशी मिळते आहे. दुसरे काही आले तर आधी चार्जर आणि त्याची केबल बदलून पाहावी.

कोकणात पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ती परत आली की बोर्ड राउटरच्या आधी सुरू झाला तरी चिंता नाही, वाय-फाय दिसू लागताच नेटवर्क मॅनेजर त्याला जोडून घेतो. धोका असतो तो कार्डाला, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली तर त्यावरची माहिती बिघडू शकते. म्हणून आपण स्वतः बोर्ड काढताना तरी पिन ओढू नये; `sudo poweroff` द्यावे, हिरव्या दिव्याची लुकलुक पूर्ण थांबू द्यावी आणि मगच चार्जर काढावा.