सुरतच्या व्यापाऱ्याला हिंदीत भाव कमी करायचा मेसेज, शेवटी जमला

दादरला ब्लाऊज शिवते, अस्तर सुरतहून मागवते, ६२ रुपये मीटर. मला ५६ हवे होते. मराठीत विचार करून हिंदीत लिहिलं की एकतर ते चिडायचे नाहीतर "नहीं होगा" म्हणून विषय संपवायचे. दोन महिने वैताग.

आधी "तुम रेट कम करके दो" लिहिलं, आपल्या "तुम्ही"मधला मान हिंदीतल्या "तुम"ला नाही हे लक्षातच आलं नाही. मग "हो सके तो देखिए" लिहिलं, म्हणजे नाही म्हणायला मीच वाट दिली. शेवटी आधी ऑर्डर, मग भाव आणि पेमेंट, मग नकार, शेवटी मुदत असं लिहिलं:

"भाईसाहब नमस्ते, 300 मीटर लेना है। 56 लगा दीजिए, पेमेंट माल मिलते ही। इससे ऊपर नहीं ले पाऊँगी। शुक्रवार तक बता दीजिए।"

"नहीं लूँगी"ने भांडण वाटतं, "नहीं ले पाऊँगी"मध्ये आपली अडचण दिसते पण नकार तेवढाच पक्का राहतो, आणि आकड्याला "करीब" अजिबात लावायचं नाही. गुरुवारीच उत्तर आलं, ५६ मान्य, फक्त ट्रान्सपोर्ट माझ्याकडे.